कॉडेटम मरत का नव्हता: दुसरी फेरी, दिवस ३४

गुन्हेगार सापडला. दाणा नव्हे, ड्रॉपर.

मागच्या वेळी रडगाणं गायलो होतो ते आठवत असेल. एका नळीत पॅरामेशियम ऑरेलिया आणि पॅरामेशियम कॉडेटम एकत्र सोडले, ऑरेलियाने जोर धरला, कॉडेटम घसरला, आणि शून्यावर जायच्या ऐवजी एक-दोनवर चिकटून बसला. बाविसाव्या दिवसापासून नमुन्यात १, ०, २, १ असंच चालू. पहिल्या वर्षाच्या मुलांना स्पर्धात्मक अपवर्जन दाखवायचं म्हणून ही सगळी खटपट, आणि अपवर्जन तेवढं होईना.

या वेळी आपल्यात पहिल्या वर्षाची काही मंडळी नवीन आहेत, त्यांच्यासाठी थोडक्यात. निश म्हणजे जिवाचा नुसता पत्ता नव्हे. तो काय खातो, कुठे आणि कधी खातो, किती ऊन, किती ऑक्सिजन, किती घाण सोसतो, हे सगळं मिळून त्याची निश. दोन जातींची निश अगदी एक असेल आणि खाणं मोजकं असेल, तर दोघी कायम एकत्र राहू शकत नाहीत; जी थोडीशी सरस ती दुसरीला संपवते. हेच स्पर्धात्मक अपवर्जनाचं तत्त्व. गाउझने मॉस्कोत नेमक्या याच दोन पॅरामेशियमवर हे दाखवलं आणि १९३४ मध्ये छापलं. वेगवेगळ्या नळ्यांत दोघे मजेत वाढले. एकत्र ठेवल्यावर ऑरेलिया उरला.

आता माझी नळी. द्रव ५ मिलि. रोज हलक्या हाताने ढवळून ०.५ मिलि काढायचं, त्यात आयोडीनचा थेंब टाकून मोजायचं आणि तेवढंच ताजं बॅक्टेरियावालं पाणी परत भरायचं. आयोडीनने ते जागच्या जागी मरतात आणि रंगतात, मोजणी सुखाची होते. जिवंत पळणारे मोजायचा हट्ट मी कधीच सोडला. कॉडेटम मोठा आणि मागे टोकदार, ऑरेलिया लहान आणि मागून गोलसर. पुरवठादाराने ‘शुद्ध’ म्हणून पाठवलेल्या कल्चरमध्ये रोटिफर निघाले होते, म्हणून प्रत्येक जात एकेक पेशी वेचून नव्याने वाढवावी लागली. त्यात दोन आठवडे गेले. असो.

मला पहिला संशय मोजणीचा होता. उपाशी कॉडेटम आखडतो, ऑरेलियात खपून जातो. पण नमुन्यात उलट कॉडेटम दिसत होता, त्यामुळे तो मुद्दा निकाली. दुसरा संशय गव्हाच्या दाण्याचा. बॅक्टेरियांना खाणं म्हणून उकडलेला दाणा मी नळीतच राहू देत होतो. दाण्याभोवती बॅक्टेरियांचा थर जमतो, म्हणजे तरंगते बॅक्टेरिया ही एक पंगत आणि दाण्याची साल ही दुसरी. पंगती दोन झाल्या की निश दोन होऊ शकतात, मग सहजीवनात नवल काय? हे स्पष्टीकरण मला इतकं आवडलं होतं की मी ते जवळजवळ खरंच धरून चाललो होतो.

तिसरा संशय रात्री ड्रॉपर धुताना आला. धुताना म्हणजे, नुसता पाण्यात बुचकळताना. मी आधी कॉडेटमची एकटी नळी मोजायचो, मग त्याच ड्रॉपरने मिश्र नळी. एकट्या नळीत ०.५ मिलिला साधारण ६० कॉडेटम, म्हणजे मिलिला १२०. ड्रॉपरच्या टोकाला ०.०१ मिलि जरी चिकटून राहिलं तरी त्यात एक कॉडेटम आला.

रोज एकाने काय होतंय, असं वाटेल. हिशेब करा. मी रोज नळीतला दहावा भाग काढतो. म्हणजे उपाशी कॉडेटम मुळीच विभागला नाही, तरी उद्या आजच्या ०.९ पट उरतात, आणि ड्रॉपरमधून एक येतो. ही संख्या कुठे थांबेल? जिथे रोज एक जाईल आणि एक येईल तिथे, म्हणजे नळीत १० वर. आणि १० असले तर ०.५ मिलित सरासरी किती दिसतील? एक! माझ्या वहीतली १, ०, २, १ ही ओळ हेच सांगत होती. उपासमारीने काही मरतही असतील, तेव्हा खरा आकडा १० च्या खाली असेल, पण रोज पाहुणा येत राहिला तर शून्य कधीच नाही. तत्त्व बंद नळीसाठी आहे. माझी नळी बंद नव्हतीच.

तर चार नळ्या लावल्या. पहिली दाण्याशिवाय, स्वतंत्र ड्रॉपर. दुसरी दाण्यासकट, स्वतंत्र ड्रॉपर. तिसरी दाण्याशिवाय, सामायिक ड्रॉपर. चौथी जुन्या पद्धतीची, दाणाही आणि सामायिक ड्रॉपरही. आज चारही अख्ख्या ओतून मोजल्या. नमुन्यातल्या शून्यावर विसंबू नका: नळीत १० उरलेले असताना ०.५ मिलित एकही न सापडण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के असते. पहिल्या दोन नळ्यांत कॉडेटम खरोखर शून्य. तिसरीत ७, चौथीत ९. दुसरीत तो पहिलीपेक्षा बरेच दिवस जास्त रेंगाळला, पण दाण्याने त्याला वाचवलं नाही. त्या शून्याकडे मी किती वेळ पाहत बसलो ते विचारू नका.

प्रत्येक प्रकारची एकच नळी आहे, हे मान्य. तीन-तीन लावेपर्यंत मी फार बोलणार नाही. शिवाय जिंकणारा कायमचा ठरलेला नसतो. पिठातल्या ट्रायबोलियम भुंग्यांवर पार्कने पाहिलं की उष्ण-दमट हवेत बहुतेक वेळा एक जात उरते, थंड-कोरड्या हवेत दुसरी. निश हवामानासकट मोजायची असते.

आता पुढचं. बेत होता पॅरामेशियम बरसारियाचा. हा हिरवा; त्याच्या अंगात शैवाल राहतं आणि उजेडात ऑक्सिजन पुरवतं, त्यामुळे तो कमी ऑक्सिजनच्या तळाशी तगतो आणि तिथे बसलेलं यीस्ट खातो. कॉडेटम वर तरंगते बॅक्टेरिया खातो. गाउझच्या नळ्यांत हे दोघे एकत्र टिकले, कारण खाणं आणि जागा दोन्ही वाटून घेतले. मुलांना हे समोर दिसलं की निश म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही.

हे लिहिता लिहिताच एक सुचलं. दोन नळ्या स्थिर ठेवायच्या आणि आणखी दोन नळ्या दिवसातून बऱ्याचदा उलटसुलट करायच्या. यीस्ट तळाशी बसूच दिलं नाही तर वर-खाली हा भेद मोडतो, आणि मग एकाला जावं लागेल का? अडचण एवढीच की हलवल्याने ऑक्सिजनही मिसळतो, म्हणजे एका हाताने दोन गोष्टी बदलतात. त्यासाठी दोन नळ्या अंधारात ठेवाव्या लागतील, शैवालाचा ऑक्सिजन बंद करून, न हलवता. म्हणजे सहा झाल्या. प्रत्येकीला स्वतःचा ड्रॉपर, आणि त्यावर नळीचा नंबर, न पुसणाऱ्या पेनने. प्लास्टिकचे ड्रॉपर मात्र आता नकोत. पातळ काचेचे घेतो, त्यांच्या टोकाला कमी चिकटतं असा माझा अंदाज आहे. तो अंदाज आधी रंगीत पाण्याने तपासतो, मगच बरसारिया मागवतो. या वेळी दुसऱ्या पुरवठादाराकडून.