मीटिंगमध्ये माईक चालू, तरी आवाज जाईना: माझा अनुभव

नाशिकहून घरूनच एका कंपनीचे हिशेब पाहते. महिन्याअखेरीला पुण्याच्या ऑफिसशी गूगल मीटवर बैठक असते. या वेळी मी बोलायला लागले आणि समोरची मंडळी माझ्याकडे नुसती बघत बसली. "ताई, आवाज येत नाहीये." मीटमधलं माईकचं चिन्ह चालू दाखवत होतं. त्यांचं सगळं मला स्वच्छ ऐकू येत होतं, माझं त्यांना काहीच नाही.

ऑफिसात संगणकाचं बघणाऱ्या मुलाला फोन लावला. "ताई, एफ फोर दाबा. काही फरक?" बैठकीत विचारलं, नाही. "मग परत दाबा." तरी नाही. "आता बाजूला सरकणारं बटण आहे का बघा, ते सरकवा." तेही झालं, तरी नाही. "मग ते होतं तसं ठेवा." पुढची पाच मिनिटं हेच चाललं. अखेर बैठक मी फोनवरूनच उरकली आणि लॅपटॉप निवांतपणे समोर घेतला.

घोळ कुठे होता ते तेव्हा लक्षात आलं. एफ फोरची कळ आणि कडेचं बटण, दोन्ही एकदा इकडे, एकदा तिकडे असे चालतात. अडचण एकच असती तर एकदा दाबून काम झालं असतं. पण आवाज दोन-तीन ठिकाणी एकदम अडला असेल, तर त्यातली एक अडचण सुटली तरी बाहेर शांतताच राहते. आपल्याला वाटतं, उपयोग झाला नाही, आणि आपण ती पुन्हा होती तशी करतो. बैठकीत बसून "आता येतोय का?" विचारण्यातून यातलं काहीच कळत नाही, कारण तिथे सगळ्या अडचणींची बेरीज ऐकू येते.

म्हणून मीट बंदच केलं. विंडोज 11 मध्ये Settings, त्यात System, मग Sound उघडलं. खाली Input मध्ये दोन नावं होती: एक Microphone Array आणि एक Headset Microphone. पहिला लॅपटॉपच्या अंगातला माईक, दुसरा इअरफोनच्या पिनवरचा. Microphone Array वर क्लिक केलं की त्याचं स्वतंत्र पान उघडतं. तिथे आवाजाबरोबर हलणारी पट्टी असते, आणि Start test असं बटण असतं. ते दाबून थोडं बोलायचं, थांबवायचं, की आवाज किती टक्के पोचला ते दिसतं. मीट, ब्राउझर, इंटरनेट, कोणाचाच यात संबंध नाही. माझ्या पानावर 0 आलं.

लॅपटॉपच्या माईकची भोकं कुठे असतात हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. माझ्याकडे ती कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना, पडद्याच्या वरच्या पट्टीत, सुईच्या टोकाएवढी आहेत. त्यावर नखाने हळूच खरवडलं तर जिवंत माईकची पट्टी उडी मारते. घरात पंखा चालू असतानाही मधूनमधून ती जराशी थरथरते. माझी मात्र जागची हलेना. हळू आवाजाची तक्रार असती तर थोडी तरी हलली असती; एवढी सपाट पट्टी म्हणजे आवाज विंडोजपर्यंत पोचतच नाहीये.

आता एकेक बघायला सुरुवात केली, पट्टीवर नजर ठेवून. आधी कडेचं बटण. माझ्या लॅपटॉपच्या डाव्या कडेला अगदी बारीक सरकतं बटण आहे, माईकसाठी. ते बंद बाजूला असलं की खाली नारिंगी खूण दिसते. ती दिसत होती. काही लॅपटॉपांवर असं बटण बंद केलं की माईकचं नावच यादीतून जातं, पण माझ्याकडे नाव तसंच राहतं आणि माईक फक्त मुका होतो, त्यामुळे यादी बघून संशय येत नाही. बटण सरकवलं, नारिंगी झाकली गेली. पट्टी मात्र तशीच. इथेच मघाशी मी ते परत सरकवलं होतं. या वेळी हात लावला नाही.

मग कळ. एफ फोरवर काट मारलेल्या माईकचं चित्र आहे आणि कोपऱ्यात चिमुकला दिवा. दिवा लागला म्हणजे माईक चालू, असं मनात येतं, पण माझ्या कळीवर तो बंदचा दिवा आहे, आणि अनेक लॅपटॉपांवर तसंच असतं. दिवा लागलेला होता. एकदा दाबलं, दिवा विझला, आणि त्याच क्षणी पट्टी जागी झाली. Start test ने आता 34 टक्के दाखवलं. दाबूनही दिवा बदलत नसेल, तर कळ माईकपर्यंत पोचलेली नाही. मग Fn धरून दाबायची, कारण काही लॅपटॉपांवर वरची रांग साध्या एफ कळींसारखी चालते. शेजारच्या स्पीकर बंद करायच्या कळीशी गल्लत करू नका, ती आपल्याला ऐकू येणारा आवाज घालवते, आपला दुसऱ्याला जाणारा नाही.

उत्साहाने मीट उघडलं, त्याच मुलाला बैठकीत बोलावलं. "ताई, अजून नाही!" हा तिसरा अडसर. मीटच्या Settings मध्ये Audio खाली Microphone म्हणून वेगळी निवड असते, आणि तिथे Headset Microphone निवडलेलं होतं. लॅपटॉपला लावलेले माझे इअरफोन गाणी ऐकायचे, साधे. पिनेवर काळ्या दोनच कड्या, तीन नाहीत. म्हणजे त्यात माईकच नाही. पण पिन लावताना पडद्यावर काय जोडलं ते विचारणारी खिडकी येते, आणि तिथे घाईत हेडसेट निवडलं की जो माईक नाही, त्याचंच नाव यादीत येतं. मीटमध्ये Microphone Array निवडलं. ऐकायला इअरफोन, बोलायला लॅपटॉपचा माईक. पुण्याचा मुलगा म्हणाला, "आला, आला, ताई!"

परवानगीची भानगड माझ्याकडे नव्हती, पण ती तपासायचा एक सोपा मार्ग आहे. Privacy & security मध्ये Microphone उघडा, तळाशी Let desktop apps access your microphone आहे. ब्राउझर त्यातच मोडतो. खालच्या यादीत प्रत्येकाने माईक शेवटचा कधी वापरला ती वेळ दिसते. माझ्या ब्राउझरपुढे आजचीच वेळ होती, म्हणजे दार उघडं होतं आणि शांतता आत कुठेतरी होती. तिथे वेळच जुनी असती, तर मी कळी आणि बटणांऐवजी आधी हेच आणि पत्त्याच्या पट्टीतलं साइटच्या परवानगीचं चिन्ह बघितलं असतं.

एवढं करूनही पट्टी शून्यावरच राहिली, तर यूएसबीचा कुठलाही माईक लावून बघावा. तो चालला तर विंडोज आणि मीट ठीक आहेत, आणि दोष लॅपटॉपच्या माईकचा किंवा त्याच्या ड्रायव्हरचा. मला तिथवर जावं लागलं नाही.

कडेचं बटण मी बंद केलंच नव्हतं, मग ते सरकलं कसं? लॅपटॉप पिशवीत घालून बघितला तेव्हा समजलं. डावी कड आधी आत गेली की पिशवीची शिवण नेमकी त्या बटणाला घासते. आता मी उजवी कड आधी घालते.