मास्तरचा आवाज, शेकूचा आवाज

रविवारपासून डोक्यातून जात नाहीये. रेकॉर्डिंग आईला पाठवायलाच नको होतं.

वाचन छान झालं होतं खरं तर. माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ कादंबरीतली पानं माझ्याकडे होती आणि सगळे म्हणाले, तू आवाज काय काढतेस! मास्तर माझ्या नेहमीच्या आवाजात वाचला आणि धनगर जरा आवाज चढवून, हेल काढून. हशा आला, तशी मी आणखी रंगले. रात्री आईचा फोन. म्हणाली, “तुझ्या आजीवाणी बोललीस की गं. पण मान्सं हसली कशापायी?”

मी म्हटलं, अगं कौतुकानं. ती “बरं” म्हणाली. ते “बरं” मला चार दिवस पुरलंय.

मग पेन्सिल घेऊन पुन्हा बसले. सांगणारा मास्तर आहे. पोरसवदा, बाहेरून आलेला. पण सगळं ‘मी’ म्हणून तोच सांगतो, आणि प्रमाण भाषेत सांगतो. वाडीची माणदेशी बोली येते ती अवतरणचिन्हांच्या आत. म्हणजे कुणी तोंड उघडलं की आधी कुंपण घालायचं, मग बोलू द्यायचं. इतकी वर्षं मला ते कुंपण दिसलंच नव्हतं, कारण मी मास्तरच्या बाजूनं उभी राहून वाचत होते. आवाज बदलायचा कुठे, हे छापील पानानंच सांगितलं होतं. (ही सारवासारव आहे, कळतंय. हेल काढ असं पानानं सांगितलं नव्हतं.)

वाडीत कारभारी सगळ्यात वजनदार माणूस. त्याचा शब्द चालतो, रुसवासुद्धा चालतो. तरी त्याच्या मनात काय आहे ते मास्तरला उमगेल तेवढंच आपल्याला कळणार. मग वाडीतल्या शेकूच्या बायकोचं काय? औताला बैल एकच, म्हणून दुसऱ्या बाजूला ती स्वतः खांदा लावते. हा प्रसंग वाचून मी दर वेळी गलबलते. या वेळी मात्र गलबलले ती मास्तरच्या डोळ्यांनी, हे लक्षात आलं. तिच्या खांद्याला काय वाटलं असेल? संध्याकाळी ती शेकूला काय म्हणाली असेल? ती खोली मास्तरला बंद, म्हणून आपल्यालाही बंद. उतरंड अशीही असते तर: मास्तर सांगतो, कारभारी बोलतो, आणि ती दिसते.

यात माडगूळकरांना बोल लावायचा नाहीये मला. 1955 सालचं पुस्तक आहे, आणि आपण बाहेरचे आहोत हे त्यातला मास्तर लपवत नाही. त्यानं बायकांच्या मनातलं रचून सांगितलं असतं तर ते जास्त खोटं वाटलं असतं. बाहेरच्या माणसानं सांगायचं तर हीच हद्द. मी मात्र कुठली बाहेरची? आजी गेली तेव्हा मी...

असो.

‘गोतावळा’ काढली. 1971ची. तिथे नारबा, मळ्यातला गडी, सगळं स्वतःच सांगतो, निवेदनसुद्धा बोलीतच. वाटलं, सुटलो, कुंपणच नाही. पन्नासेक पानांनी ते समाधानही गळालं. ट्रॅक्टर घ्यायचा का, जनावरं ठेवायची का, हे नारबाला कोण विचारतंय? मालक ठरवतो. जनावरं हाच ज्याचा गोतावळा, तो माणूस आपल्याशी पानंच्या पानं बोलतो, पण मळ्यात त्याच्या बोलण्याला किंमत शून्य. कादंबरीत आवाज मिळणं निराळं आणि गावात मिळणं निराळं. आपल्याला तो ऐकू येतो म्हणूनच मालकाला येत नाही हे टोचतं. बनगरवाडीत मला असं टोचलं नव्हतं, तिथे मी हसवत होते.

पुन्हा तिथेच आले.

खरं सांगायचं तर हसणाऱ्यांवर राग नाहीच. मी आजीचा आवाज इतका बेमालूम काढू शकले, कारण तो माझाच होता. शाळेत पहिल्या वर्षी ‘न्हाई’ म्हटलं की बाई थांबायच्या आणि वर्ग माझ्याकडे वळून बघायचा. दोन वर्षांत मी तो अवतरणचिन्हांत टाकून दिला. आता लागेल तेव्हा काढते, टाळ्या घेते, परत ठेवते. बिचारी मी, असं तासभर वाटून घेतलं. मग चहा केला.

पुढच्या रविवारी माझ्याकडे ‘पाचोळा’ आहे. आज कळलं आणि हसूच आलं. ती तर पारबतीच सांगते, शिंप्याची बायको, पहिल्यापासून शेवटपर्यंत. बदलायला दुसरा आवाजच नाही. म्हटलं, या वेळी तरी सगळं आपल्या आवाजात. तालीम म्हणून आईला फोनवर पहिलं पान वाचून दाखवलं.

आई ऐकून घेऊन म्हणाली, “ही बाई आपल्याकडची न्हाई, मराठवाड्याकडची हाय. तू आजीवाणी नगं वाचू.”

मग कसं वाचू, विचारलं.

“हळू वाच,” म्हणाली, आणि भाकरी करपतीय म्हणून फोन ठेवला.