आमची वाटचाल: एका कंटेनरची रात्र

सातपूरच्या एका गाळ्यात 2017 साली आम्ही दोघांनी सॉफ्टवेअरची फर्म काढली. AWS च्या क्लाउडचा मुंबई रीजन, म्हणजे तिथली सर्व्हरची सोय, सुरू होऊन वर्षच झालं होतं. पुढची पाच-सहा वर्षं नीट गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायची आहे ती द्राक्ष हंगामातली एकच रात्र. तिच्यावरून अजूनही आमच्या नावाने बोललं जातं.

आमचे सगळ्यात जुने ग्राहक पिंपळगावचे अण्णा. द्राक्षांचं पॅकहाऊस आणि निर्यात. त्यांचा पॅकिंग आणि डिस्पॅचचा सगळा हिशेब आमच्या सॉफ्टवेअरवर. हैदराबाद रीजन 2022 मध्ये सुरू झाल्यावर पुढे आम्ही तिथे दुसरा सेट उभा केला. AWS च्या Route 53 या DNS सेवेत बाहेरच्या नावाला फेलओव्हर पॉलिसी लावली, म्हणजे एक ठिकाण पडलं की नाव दुसऱ्याकडे वळतं: मुंबईचा लोड बॅलन्सर प्रायमरी, हैदराबादचा सेकंडरी, दोन्ही अलायस रेकॉर्ड. हेल्थ चेक दर 30 सेकंदांनी, ओळीने तीन वेळा नापास झालं की रस्ता बदलायचा. म्हणजे दीड मिनिट, वर अलायसचा 60 सेकंदांचा TTL, म्हणजे मिळालेलं उत्तर धरून ठेवायची मुदत. पार्टनर म्हणाला, "झालं, आता झोपा."

त्या रात्री आमच्याच माणसाने मुंबईच्या नेटवर्क एसीएलमधला, म्हणजे ट्रॅफिक आत-बाहेर सोडणाऱ्या यादीतला, एक नियम काढला. मुंबईतला सगळा ट्रॅफिक तुटला. हे कारण कळायला दोन तास गेले. बाहेरचं नाव मात्र अडीच मिनिटांत हैदराबादला वळलं. आम्ही एकमेकांना टाळी दिली, तेवढ्यात अण्णांचा फोन. "भाऊ, लॉगिन उघडतंय, पण गाडीची यादी येत नाही. कंटेनर गेटवर उभा आहे."

हैदराबादच्या मशीनवर शिरलो आणि हे विचारलं:

```
dig +noall +answer db.pack.internal
```

उत्तर आलं CNAME, म्हणजे दुसऱ्या नावाकडे बोट, आणि त्याच्यापुढे मुंबईच्या डेटाबेसचा पत्ता. TTL च्या जागी 2714. आतल्या नावांचा खाजगी झोन दोन्ही VPC ना, म्हणजे दोन्ही ठिकाणच्या आमच्या खाजगी नेटवर्कना, जोडलेला होता, पण आतल्या या रेकॉर्डची पॉलिसी साधी आणि TTL 3600. दरवाजा हैदराबादचा, पण स्वयंपाकघर अजून मुंबईतच! वर हेल्थ चेक `/` या पानावर ठेवला होता. ते पान डेटाबेसला न विचारताच 200 देतं, म्हणून हैदराबाद ठणठणीत दिसत होतं.

हैदराबादची डेटाबेसची प्रत रीड रेप्लिका होती, म्हणजे फक्त वाचता येणारी. ती प्रमोट केली, म्हणजे तिलाच मुख्य डेटाबेस केलं, मग रेकॉर्ड बदलला. तरी यादी येईना. मशीनवरच्या systemd-resolved ने जुनं उत्तर धरून ठेवलं होतं, ते `resolvectl flush-caches` ने पुसलं. अॅपचा कनेक्शन पूल जुन्याच पत्त्याला चिकटलेला, म्हणून अॅपही रीस्टार्ट केलं. मग कुठे यादी आली. तोवर अण्णांनी पॅलेटचे नंबर वजनाच्या पावतीमागे पेनाने लिहून गाडी सोडलीही होती. ती पावती आजही माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

आता कोणी न विचारता सांगतो. खाजगी रेकॉर्डवरही आपोआप फेलओव्हर लावायचा मोह होतो. आधी हे लक्षात घ्या की Route 53 चे हेल्थ चेकर VPC च्या बाहेर असतात, त्यांना आतला खाजगी पत्ता दिसतच नाही. तिथे CloudWatch या AWS च्या देखरेख सेवेच्या अलार्मवर आधारलेला हेल्थ चेक लागतो. पण तो लावलात तरी रेप्लिका प्रमोट व्हायच्या आतच नाव वळलं, तर अॅप वाचू शकेल, लिहू शकणार नाही. वापरणाऱ्याला वाटणार सगळं चालू आहे, आणि एकही नोंद जमा होणार नाही. म्हणून आम्ही ते नाव हातानेच वळवतो, प्रमोट झाल्याची खात्री करून. TTL 60 केलाय. हेल्थ चेक आता `/health` वर आहे, तिथे डेटाबेसवर एक छोटी क्वेरी चालते. यातही पेच आहेच: प्रमोट होईपर्यंत हैदराबादसुद्धा नापास दिसतं, आणि दोन्ही नापास असले की Route 53 प्रायमरीचंच उत्तर देतं. तेवढी मिनिटं ग्राहक मुंबईच्या बंद दारावर जातो, पण निदान खोटं उघडं दार दिसत नाही.

दुसऱ्याच दिवशी एका पुणेकर स्पर्धकाने आमच्या दोन ग्राहकांना सांगितलं, "नाशिकवाल्यांचं सर्व्हर बसलं." सर्व्हर बसलं नव्हतं, पण कोण ऐकतो? दोघेही गेले. अण्णांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "तू रात्री फोन उचललास ना."

त्या दोघांपैकी एकाचा मागच्या महिन्यात फोन आला, सहज म्हणून. मी काही विचारलं नव्हतं, त्यांनीच त्यांच्या नव्या सेटअपमधलं dig चं उत्तर पाठवलं. आतल्या डेटाबेसच्या नावाचा TTL 3600.