चष्म्यातला सॉफ्टबॉक्स वजा करताना

मुलाखतीचा शॉट बारा सेकंदांचा, म्हणजे 25 च्या वेगाने 300 फ्रेम. वक्त्याच्या चष्म्याच्या डाव्या काचेत सॉफ्टबॉक्सचा, म्हणजे समोर लावलेल्या मऊ चौकोनी दिव्याचा, हिरवट चौकोन, अर्ध्या बुबुळावर आलेला. उजव्या काचेत गालासमोर कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंग-दिव्याचा लाल ठिपका. ही प्रतिबिंबं काढायचं काम रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या Fusion पानावर केलं.

अशा वेळी पहिला विचार ठिगळाचा येतो: प्रतिबिंब नसलेल्या फ्रेममधला डोळा कापायचा आणि चौकोनावर चिकटवायचा. लाल ठिपक्याचं काम तसंच झालं, कारण गालाची कातडी फारशी हलत नाही. शेजारचा तुकडा चष्म्याच्या कडेच्या ट्रॅकला बांधला आणि विषय संपला. डोळ्यावर मात्र हे टिकत नाही. बुबुळ फिरतं, पापणी मिटते आणि ठिगळातला डोळा तसाच टक लावून बसतो. दुसरा डोळा उलटा करून लावला तर नजर तिरळी होते.

म्हणून डाव्या काचेसाठी वजाबाकी केली. प्रतिबिंब डोळा झाकत नाही, डोळ्याकडून येणाऱ्या प्रकाशात आपला प्रकाश मिसळतं. तेवढा काढून घेतला की खालचा डोळा उरतो, मग तो हलो की मिटो. अट एकच: तो भाग पांढरा फुटलेला नको. आधी स्कोपवर मूळ चित्र तपासलं. हिरवा चॅनल वर टेकून सपाट झाला असता, तर तिथे वजा करायला खाली काही उरलंच नसतं.

वजाबाकी लिनिअर प्रकाशातच, म्हणजे आकडे खऱ्या प्रकाशाच्या प्रमाणात असतानाच, बरोबर येते. गॅमा किंवा लॉगमध्ये केली तर कातडीवर जमलेला आकडा गडद बुबुळावर कमी पडतो आणि तिथे चौकोन उरतो. म्हणून आधी Gamut नोडमध्ये Remove Gamma, शेवटी Add Gamma. लॉग फुटेज असेल तर त्या कॅमेऱ्याच्या लॉगमधून लिनिअरमध्ये न्यायचं.

मग मोजणी. दोन्ही बिंदू काचेआडच्याच कातडीचे घेतले, एक चौकोनाच्या आत, एक लगेच बाहेर. बाहेर लाल 0.30, हिरवा 0.19, निळा 0.14, आत 0.32, 0.29, 0.19. फरक 0.02, 0.10, 0.05. हिरवा सगळ्यात जास्त, कारण या काचेवरचं कोटिंग उरलेला प्रकाश हिरवटच परत फेकतं. हेच आकडे Custom Tool मध्ये Number In 1, 2, 3 म्हणून घातले आणि लाल, हिरव्या, निळ्या चॅनलसाठी अनुक्रमे लिहिलं:

```
max(r1-n1, 0)
max(g1-n2, 0)
max(b1-n3, 0)
```

वेळ खाल्ला तो वजाबाकी चौकोनापुरतीच ठेवणाऱ्या मास्कने. डोकं 5 अंश वळलं की परावर्तित किरण 10 अंश वळतो. म्हणून प्रतिबिंब काचेवर एका जागी राहत नाही, घसरतं. चष्म्याच्या ट्रॅकला बांधलेला मास्क तिसाव्या फ्रेमलाच सुटला. शेवटी दोन ट्रॅक केले. पहिला Planar Tracker चष्म्याच्या कडेवर, काचेचा आतला भाग वगळून. आत घेतला की ट्रॅकर डोळ्याच्याच मागे धावतो. Motion Type मध्ये Perspective ठेवलं तेव्हा बारीक कड थरथरत होती, Translation, Rotation, Scale वर शांत झाली. दुसरा साधा Tracker, सॉफ्टबॉक्सच्या कोपऱ्यावर. चौकोनाचा मास्क दुसऱ्याला बांधला आणि पहिल्यावरच्या काचेच्या आकाराने छाटला, म्हणजे प्रतिबिंब कडेआड जाताना वजाबाकीही तिथेच थांबते.

चूक कुठे आहे हे कडाच सांगतात. चौकोनाभोवती काळी रेघ दिसली तर मास्क मोठा आहे, उजळ रेघ राहिली तर लहान. सॉफ्टबॉक्सची कड या शॉटमध्ये साधारण चार पिक्सेल मऊ होती, मास्कचा मऊपणाही तेवढाच ठेवला. सगळा चौकोन गुलाबी पडला तर हिरवा जास्त कापला गेलाय. मान वळताना कोटिंगवरचा कोन बदलतो, प्रतिबिंबाची तीव्रताही बदलते; म्हणून तिन्ही आकड्यांना चार ठिकाणी कीफ्रेम द्याव्या लागल्या.

फुटेज 10 बिट 4:2:2 होतं म्हणून निभावलं. 8 बिट 4:2:0 मध्ये रंगाची माहिती आडवी-उभी दोन्हीकडे निम्मी असते, त्यामुळे कडेला हिरवे-गुलाबी ठोकळे उरतात आणि ते मास्कने जात नाहीत.

तपासणी दोनशे टक्के मोठं करून, पण चालत्या वेगात. थांबवलेल्या फ्रेमवर सगळं छान दिसतं. पापणी मिटते त्या क्षणी चौकोन चमकला तर आकडा अजून कमी पडतोय. बुबुळातला दिव्याचा बारीक ठिपका मात्र काढला नाही. तो चष्म्यातला नाही, डोळ्यातला आहे, आणि तो गेला की डोळा मेल्यासारखा दिसतो.