बारा भागांचं ‘बाराकामोन’

मला अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका, बघायची होती. भाच्याने आधी ‘नारुतो’ लावून दिलं होतं. त्याचे 220 भाग आणि पुढच्या ‘शिप्पुदेन’चे आणखी 500. नवव्या भागानंतर मी थांबले. मालिका वाईट नव्हती, पण शेवट इतका लांब दिसत होता की रोज बसायचा धीर होईना.

मग मी स्वतः शोधायला लागले. 11 ते 13 भागांच्या मालिका पुष्कळ दिसल्या. जपानमध्ये दूरचित्रवाणीवर आठवड्याला एक भाग लागतो आणि तीन महिन्यांत साधारण इतकेच बसतात. पण इथे एक फसगत होते. आकडा बाराच असतो, गोष्ट मात्र अर्धवट राहते, कारण मूळ चित्रकथा, म्हणजे मांगा, पुढे चालूच असते. म्हणून मी प्रत्येक नावाखाली दुसरा सीझन आहे का ते बघायचे आणि ज्यांनी पूर्ण पाहिली आहे त्यांना एकच प्रश्न विचारायचे : शेवटच्या भागाला गोष्ट कुठेतरी येऊन टेकते का?

‘बाराकामोन’ला (2014) होकार आला. भाग 12, प्रत्येकी साधारण 24 मिनिटं. म्हणजे सगळी मिळून पाच तासांच्या आत. जादू नाही, लढाया नाहीत, आधी काही माहीत असायची गरज नाही. हांदा नावाचा तरुण सुलेखनकार आपलं अक्षर पुस्तकी आहे असं ऐकून एका कलादालनाच्या म्हाताऱ्या संचालकांवर हात उगारतो. वडील त्याला नागासाकीजवळच्या गोतो बेटांवर धाडून देतात. तिथल्या रिकाम्या घरात नारू नावाची छोटी मुलगी आधीच ठाण मांडून असते.

पहिल्या भागात मला दोन गोष्टी अडल्या. चांगला रेखीव चेहरा मध्येच दोन रेघांचा, फुगलेला होई. मला वाटलं, चित्रच बिघडलं. ती गमतीची खूण आहे, पात्राची फजिती झाली की चेहरा तसा काढतात, हे दुसऱ्या भागापर्यंत उमगलं. दुसरी अडचण उपशीर्षकांची. वाचता वाचता चित्र सुटायचं. मग मी मोबाइल सोडून टीव्हीवर बघायला लागले आणि एका दिवशी एकच भाग ठेवला.

इंग्रजी डबिंगही होतं, पण मी मूळ जपानीच ठेवलं. नारूचा आवाज खऱ्या लहान मुलीचा आहे. शिवाय बेटावरची माणसं गोतोच्या बोलीत बोलतात आणि हांदा तोक्योची प्रमाण भाषा. शब्द कळले नाहीत तरी हेल वेगळा ऐकू येतो, आपल्याकडे मालवणी माणूस आणि पुण्याचा माणूस समोरासमोर बोलावेत तसा. ‘बाराकामोन’ हा शब्दही त्याच बोलीतला, उत्साही माणसासाठीचा.

तेराव्या दिवशी भाच्याला फोन केला आणि विचारलं, असंच बेटावरचं, बारा भागांचं आणखी काही आहे का?