गळका डबा आणि घट्ट डबा

आमच्या स्टीलच्या डब्याबद्दल दोन तऱ्हेच्या तक्रारी यायच्या, आणि त्याही एकमेकींच्या उलट. ‘बॅगेत आमटी सांडली’ ही एक, आणि ‘झाकण उघडताना नखं तुटतात’ ही दुसरी. मार्केटिंगचं म्हणणं क्लिप घट्ट करा, सर्व्हिसचं म्हणणं ढिली करा. शेवटी एका शनिवारी सगळ्यांना मीटिंग रूममध्ये बसवलं आणि फळ्यावर ‘हाउस ऑफ क्वालिटी’ मांडायला घेतलं.

हा ‘क्वालिटी फंक्शन डिप्लॉयमेंट’चा, म्हणजे गिऱ्हाइकाच्या अपेक्षा मापांत उतरवण्याच्या पद्धतीचा, तक्ता. हे मूळचं जपानी काम. योजी आकाओंनी 1960च्या दशकात ते मांडलं, आणि 1972 मध्ये मित्सुबिशीच्या कोबे गोदीत त्याचा तक्ता जहाजांसाठी वापरला गेला. डाव्या बाजूला गिऱ्हाइकाच्या अपेक्षा, त्याच्याच शब्दांत. वर आडव्या ओळीत आपण मोजू शकतो त्या गोष्टी. मधल्या चौकोनांत दोघांचं नातं: घट्ट असेल तर 9, मध्यम 3, जेमतेम 1, नसेल तर कोरं.

डावी बाजू भरतानाच पहिली अडचण आली. मार्केटिंगच्या साहेबांनी चारही अपेक्षांना महत्त्वासाठी पाचपैकी पाच गुण दिले. मग मी विचारलं, “न गळणारा पण न उघडणारा डबा आणि सहज उघडणारा पण गळका डबा, यातला कुठला तुम्ही घरी न्याल?” साहेब जरा थांबले, पण उत्तर आलं. असं जोडी-जोडीनं विचारत गेल्यावर वजनं ठरली: गळू नये 5, सहज उघडावं 4, धुतल्यावर वास राहू नये 4, हलका असावा 2.

वरच्या ओळीत डिझाइनच्या मुलानं चार गोष्टी लिहिल्या: झाकणातली रिंग किती दाबली जाते, क्लिप उघडायला लागणारा जोर, पत्र्याची जाडी, बाहेरचं पॉलिश. चौकोन भरून झाले तेव्हा वासाची ओळ डावीकडून उजवीकडे पूर्ण कोरी होती. चौथ्या क्रमांकाची अपेक्षा नव्हे, चांगली चार वजनाची, आणि तिची काळजी घेणारं एकही माप आमच्याकडे नव्हतं. वास रिंगखालच्या खाचेत अडकलेल्या तेला-मसाल्याचा होता; खाच ड्रॉइंगवर होती, पण तिच्याकडे कुणी लक्षच देत नव्हतं. तिचा पाचवा रकाना केला. उलट पॉलिशचा रकाना वरून खाली कोरा. याचे अर्थ दोन: एकतर पॉलिशवर उगाच खर्च होतोय, नाहीतर ‘दिसायला चांगला हवा’ हे आपण गिऱ्हाइकाला विचारलंच नाही. ते पुन्हा विचारायचं ठरलं.

मग गुणाकार-बेरीज. रिंगच्या दाबाचं गळण्याशी नातं 9, उघडण्याशी 3. म्हणजे 5×9 अधिक 4×3, एकूण 57. क्लिपचा जोर 51, खाच 51, पत्र्याची जाडी 23. आमच्या मीटिंगांमध्ये सगळ्यात जास्त भांडणं पत्र्यावरून व्हायची, हे इथे नमूद करते. अर्थात 57 आणि 51 मधल्या फरकाला काडीचा अर्थ नाही. 9-3-1 हे शेवटी आपणच ठरवलेले आकडे. 23 मात्र वेगळाच दिसतो.

तक्त्याच्या माथ्यावरचा त्रिकोण हे या घराचं छप्पर, म्हणजे मापांची आपसातली भांडणं. रिंग जास्त दाबली की क्लिपला जोर जास्त लागतो, म्हणून तिथे ठळक उणे. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊकच होतं. पण दाबाच्या रकान्याखाली लक्ष्य लिहायची वेळ आली तेव्हा टूलरूमचे काका म्हणाले, “मॅडम, आधी आत्ता किती आहे ते तर बघू.” त्यांनी गोदामातले डबे आणून बंद झाकणाखालची फट मोजली.

रिंग 4 मिलिमीटर उंच. ड्रॉइंगप्रमाणे फट 3.0, म्हणजे दाब 25 टक्के. प्रत्यक्षात फट 2.7 पासून 3.3 पर्यंत मिळाली. 3.3 ला दाब साडेसतरा टक्के. तो डबा पाणी भरून उलटा धरला की थेंब येतो. 2.7 ला साडेबत्तीस. तो उघडायला अंगठ्याची परीक्षा. क्लिप घट्ट करा की ढिली या वादातले दोन्ही डबे एकाच लॉटमधले होते.

म्हणून लक्ष्याच्या चौकोनात नुसतं 25 टक्के न लिहिता फट 3.0, कमी-जास्त 0.1 असं लिहिलं. त्यानं दाब साडेबावीस ते साडेसत्तावीसमध्ये राहतो. हाच रकाना पुढच्या तक्त्याची डावी बाजू झाला: फट कशावर ठरते? झाकणाच्या कडेच्या खोलीवर, आणि ती प्रेसच्या डायवर, म्हणजे साच्यावर. काकांनी लगेच सांगितलं की जुन्या डायवर 0.1 निघणार नाही, स्टॉपर बदलावा लागेल.

क्लिपचा जोर कमी करायला नरम सिलिकॉनची रिंग सुचवली गेली. पण धुवायला सोपी म्हणून खाच रुंद केली, तर नरम रिंग निसटून बाहेर येते. छपरावर आणखी एक उणे चढलं. क्लिपच्या जोराच्या लक्ष्याचा चौकोन त्या शनिवारी कोराच ठेवला. नरम रिंगचे नमुने आल्यावरच त्यात आकडा पडला.