स्क्वेअर वेव्हमधल्या टेकड्या आणि खड्डे : 1/n कुठून येतो ते मला कसं कळलं

एम-थ्रीमध्ये फोरियर सिरीज शिकवली तेव्हा मी उत्तर बरोबर काढायचे पण ते उत्तर तसंच का येतं हे मला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. +१ आणि -१ मध्ये उड्या मारणारी स्क्वेअर वेव्ह घ्या, इंटिग्रेशन करा, सम n ला शून्य, विषम n ला 4/(nπ). म्हणजे पहिला सहगुणक १.२७३, तिसरा ०.४२४, पाचवा ०.२५५. पेपरात पूर्ण मार्क. पण हे n खाली का बसलंय, n² का नाही, हा प्रश्न डोक्यातून जाईना.

शेवटी एका रविवारी आलेखाचा कागद घेऊन बसले आणि ठरवलं की इंटिग्रेशन हाताने करायचंच नाही, फक्त बघायचं. सहगुणक काढायचा म्हणजे वेव्हला sin(nx) ने गुणायचं आणि क्षेत्रफळ मोजायचं. ० ते π मध्ये वेव्ह १ आहे, म्हणजे तिथे नुसता sin(nx) च उरतो. n = 3 घेतलं तर तेवढ्या जागेत एक टेकडी, एक खड्डा, परत एक टेकडी. पहिल्या टेकडीची माती खड्ड्यात टाकली की तेवढी जागा सपाट झाली, आणि उरली एकच टेकडी. n = 5 ला तीन टेकड्या दोन खड्डे, परत एकच उरते. n = 101 असू द्या, एकच. उंची सगळ्यांची सारखी पण रुंदी n पट कमी, म्हणून उरलेली माती 2/n. संपलं. सम n ला टेकड्या आणि खड्डे सारखेच, म्हणून काहीच उरत नाही. दोन वर्षं जे पाठ केलं होतं ते एका पानावर दिसलं, खूप आनंद झाला खरंच.

मग वाटलं प्रत्यक्ष मोजून बघू. घरी ५५५ टायमर होता, त्याच्यावर साधं अस्टेबल सर्किट लावलं, Ra १ किलोओहम, Rb १० किलोओहम, कपॅसिटर ६८ नॅनोफॅरड, फ्रीक्वेन्सी साधारण १ किलोहर्ट्झ. कॉलेजच्या लॅबमध्ये डीएसओवर एफएफटी लावला, विंडो हॅनिंग, आणि कर्सरने वाचायला लागले. व्होल्टेज ० ते ५ च्या मधलं होतं, +१ -१ नव्हतं, पण त्याने फक्त डीसी आणि एकूण उंची बदलते, हार्मोनिक्सचं एकमेकांशी प्रमाण तेच राहतं, म्हणून मी सगळं पहिल्याच्या तुलनेत डीबीमध्ये वाचत होते. तिसरा एक तृतीयांश म्हणजे ९.५ डीबी खाली हवा, तो जवळपास तिथेच होता. पण २ किलोहर्ट्झला एक स्पष्ट काडी उभी, साधारण २२ डीबी खाली, जिथे शून्य असायला हवं तिथे.

मी आधी प्रोबला दोष दिला, मग ब्रेडबोर्डला, मग विंडो बदलून बघितली, काडी हलेना. लॅब असिस्टंट काका मागून बघत होते. म्हणाले, "अगं ड्युटी सायकल मोज आधी, ५५५ आहे तो, अशा जोडणीत पन्नास टक्के कधी देत नाही." मोजलं तर ५२ च्या जरा वर. बरोबरच आहे, कपॅसिटर चार्ज होतो Ra आणि Rb दोन्हीतून आणि डिस्चार्ज फक्त Rb मधून, म्हणजे ११ भागिले २१, ५२.४ टक्के. घरी जाऊन हिशोब केला, या ड्युटीला दुसरा हार्मोनिक पहिल्याच्या साधारण साडेसात टक्के यायला हवा, म्हणजे २२.५ डीबी खाली. माझी काडी चूक नव्हतीच, ती सांगत होती की दोन अर्धे सारखे नाहीत! आता मला सम हार्मोनिक दिसला की मी आधी ड्युटी बघते.

दुसऱ्या दिवशी आउटपुट ४०१३ च्या फ्लिप-फ्लॉपमधून काढलं, Q-बार D ला जोडून दोनने भाग. फ्लिप-फ्लॉप फक्त चढत्या कडेवर पलटतो त्यामुळे दोन्ही अर्धे अगदी सारखे होतात, फ्रीक्वेन्सी मात्र अर्धी होते. सम काड्या नॉइजमध्ये बुडाल्या, आणि विषम ९.६, १४.१, १६.८ डीबी खाली. एक तृतीयांश, एक पंचमांश, एक सप्तमांश.

पण n² चा प्रश्न तसाच होता, ट्रँगल वेव्हला 1/n² का येतो? इथे टेकड्यांची वाटणी जरा नीट करावी लागली. प्रत्येक टेकडीची अर्धी माती डावीकडच्या खड्ड्यात, अर्धी उजवीकडच्या. वेव्ह तिरकी पण सरळ रेषेत चढत असेल तर एका बाजूचा खड्डा थोडा उथळ, दुसऱ्या बाजूचा तेवढाच खोल, सरासरी बरोबर टेकडीएवढी, सगळं सपाट. म्हणजे सरळ भागातून काहीही उरत नाही, ते कितीही तिरके असोत. उरतं फक्त जिथे रेषा मोडते तिथे. स्क्वेअर वेव्हला उडीपाशी चिन्ह पलटतं म्हणून विषम n ला दोन टेकड्या शेजारी-शेजारी येतात, मधे खड्डाच नाही, म्हणून दोन्ही टेकड्यांची अर्धी अर्धी माती तशीच पडून राहते, 1/n. (सम n ला एका उडीवर दोन टेकड्या आणि दुसरीवर दोन खड्डे, म्हणून फिटंफाट.) ट्रँगलच्या टोकाला मात्र खड्डे आहेत, फक्त शेजारचे थोडे कमी खोल. किती कमी, तर एका टेकडीच्या रुंदीएवढं अंतर गेल्यावर वेव्ह जितकी उतरते तेवढं, म्हणजे परत 1/n. माती 1/n, त्यातला न फिटलेला हिस्सा 1/n, गुणाकार 1/n².

हे बघायला नवीन सर्किटही लागलं नाही, त्याच ५५५ च्या ६ नंबरच्या पिनवर प्रोब ठेवला. तिथे कपॅसिटरचं व्होल्टेज एक तृतीयांश ते दोन तृतीयांश सप्लायमध्ये वरखाली होतं, कडा थोड्या वाकड्या आहेत पण उडी नाही, फक्त कोपरे. तिसरा हार्मोनिक १९ डीबी खाली, पाचवा २८ च्या आसपास. एकाच चिपच्या दोन पिना, एकीवर उडी, दुसरीवर कोपरा!

एक गोष्ट अजून बघायची राहिलीय. ३ नंबरच्या पिनवरची उडी खरी उडी नाही, ५५५ ला वर चढायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. ज्या हार्मोनिकची टेकडी त्या चढापेक्षा अरुंद होईल त्याला ती उडी दिसणारच नाही, एक तिरकी रेष आणि दोन कोपरे दिसतील, म्हणजे तिथून पुढे 1/n² ने पडायला हवं. हिशोबाने हे वळण ३ मेगाहर्ट्झच्या आसपास येतं, तीन हजारावा हार्मोनिक, पहिल्यापेक्षा ७० डीबी खाली, आणि आमच्या आठ बिटच्या डीएसओचा नॉइज त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. त्यासाठी फ्रीक्वेन्सी १०० किलोहर्ट्झपर्यंत वाढवायची, मग तेच वळण तिसाव्या हार्मोनिकपाशी, ३० डीबीवर येईल. छोटा कपॅसिटर आणून ठेवलाय.